मागे न उघडणारी दारे

लेकीकडे लंडनला जाताना हीथ्रो विमानतळाचे दुसरे टर्मिनल आम्ही पायी पार केले. एवढ्या मोठ्या वास्तूचे शिस्तशास्त्र एका वाक्यात सांगता येते: प्रवाशाने एक दार ओलांडले की ते त्याच्यासाठी मागे उघडत नाही. म्हणून ज्या दालनातले काम त्याच दालनात संपवावे.

आमचे विमान मुख्य इमारतीपासून दूर असलेल्या उपइमारतीला लागले. तेथून लांबच लांब सरकते जिने उतरून भुयारी मार्गाने यावे लागते. वाटेत दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. जांभळी पाटी पुढचे विमान पकडणाऱ्यांसाठी. लंडनला उतरणाऱ्याने 'आगमन' लिहिलेल्या पिवळ्या पाटीमागे जावे. गर्दीमागे जाऊ नये.

पारपत्र तपासणीत स्वयंचलित फाटके दिसली, तरी भारतीय पारपत्रावर आलेल्या पाहुण्याने अधिकाऱ्याच्याच रांगेत उभे राहावे. कोठे राहणार, किती दिवस, एवढेच आम्हास विचारले. लेकीचा पत्ता कागदावर लिहून हाती ठेवला होता.

खरी कसोटी सामानाच्या दालनात लागली. पट्टा थांबला, आमच्या दोन बॅगांपैकी एकच आली. सौ. म्हणाल्या, "अहो, लेक बाहेर ताटकळत असेल. आधी तिला भेटू, मग पाहू." पण जकातीची हिरवी वाट ओलांडून बाहेर गेलो असतो, तर सहज आत परतता आले नसते. तिला दूरध्वनी केला आणि विमान कंपनीच्या सामान-चौकशी खिडकीवर गेलो.

तेथे मुंबईला मिळालेली चिकटपावती कामी आली. तिच्यावरचा दहा अंकी क्रमांक हीच बॅगेची ओळख. बॅगेचा रंग, प्रकार व लंडनचा पत्ता सांगितल्यावर तक्रारीचा क्रमांक मिळाला: पाच अक्षरे, पुढे पाच अंक. पहिली तीन अक्षरे विमानतळाची, 'LHR'. हा कागद घेतल्याविना दालन सोडू नये. नंतरच्या दाव्याचा तोच मुख्य आधार. बॅग फुटलेली मिळाल्यास लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. उशिरा मिळाल्यास, मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या, म्हणून रात्र निभावली. बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली.

बाहेर लेक भेटली. तिच्यासह उद्वाहकाने खाली रेल्वे स्थानकात गेलो. पॅडिंग्टनला न थांबता पंधरा मिनिटांत पोहोचविणारी हीथ्रो एक्स्प्रेस आहे. आम्ही मात्र एलिझाबेथ मार्गाची गाडी घेतली. ती स्थानके घेत जाते, परंतु गाडी न बदलता थेट शहराच्या मध्यभागी नेते. फाटकावर बँकेचे कार्ड टेकवून प्रवेश मिळतो. मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे, आणि उतरतानाही तेच कार्ड टेकवावे. अन्यथा प्रवास अपुरा समजून जास्तीत जास्त भाडे कापले जाते.

खिडकी सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी, असे मी बँकेत आयुष्यभर ग्राहकांना सांगत आलो. त्या दिवशी तो नियम मीच पाळला.