कस्टमरचा पत्ता बदलला? जुना पुसू नका, खाली नवी ओळ लिहा



मागच्या व्हिडिओत कस्टमर मास्टर कसा बनवायचा ते आपण बघितलं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, कस्टमर घर बदलतो तेव्हा काय करायचं?" बहुतेकांची पद्धत अशी की त्या कस्टमरची ओळ शोधायची, जुना पत्ता डिलीट करायचा आणि नवा टाकायचा. दोन मिनिटांचं काम. माझं मत स्पष्ट आहे. ही सवय मोडा, कारण त्या दोन मिनिटांत तुम्ही तुमच्या धंद्याचा मागचा हिशोब बदलून टाकता आणि ते तुम्हाला कळतही नाही.

कसं ते सांगतो. आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा पुण्यात वॉटर प्युरिफायर विक्री आणि सर्व्हिसिंगचा व्यवसाय आहे. साधारण 600 कस्टमर, सगळं एक्सेलमध्ये. एका शीटवर कस्टमर आणि त्यांचा एरिया, दुसऱ्या शीटवर टेक्निशियनच्या भेटी: कोणाकडे, कुठल्या तारखेला, काय बदललं. वर्षाच्या शेवटी त्यांनी एरियाप्रमाणे रिपोर्ट काढला. रिपोर्ट म्हणाला की वाकडमध्ये सेडिमेंट फिल्टर फार लवकर चोक होतात. ताईंनी वाकडच्या टेक्निशियनकडे जादा फिल्टर भरून ठेवले. ते तसेच पडून राहिले, आणि इकडे हडपसरच्या टेक्निशियनकडचा माल संपू लागला.

झालं काय होतं? हडपसरच्या एका सोसायटीत टँकरचं पाणी यायचं, त्यामुळे तिथले फिल्टर गाळाने भरायचे. त्या सोसायटीतली सात कुटुंबं वर्षभरात वाकडला राहायला गेली. ऑफिसने सातही जणांचे पत्ते बदलले. त्यातला C-104 हा कस्टमर बघा. हडपसरला असताना त्याच्याकडे 9 वेळा फिल्टर बदलला होता, वाकडला गेल्यावर फक्त 2 वेळा. पण पत्ता पुसल्यावर रिपोर्टला एकच एरिया दिसतो, म्हणून अकराच्या अकरा भेटी वाकडच्या खात्यात गेल्या. पाणी हडपसरच्या टँकरचं आणि नाव वाकडचं!

भेटींच्या नोंदीत एकही चूक नव्हती. चूक होती ती मास्टरमध्ये, तीसुद्धा "अपडेट" या गोंडस नावाखाली केलेली.

यावरचा उपाय जुनाच आहे

अमेरिकेत राल्फ किमबॉल नावाच्या डेटा तज्ज्ञाने 1990च्या दशकात अशा माहितीला नाव दिलं: स्लोली चेंजिंग डायमेन्शन, म्हणजे रोज न बदलणारी पण कधीतरी बदलणारी माहिती. ती सांभाळायचे प्रकार त्याने सांगितले. टाइप वन म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं. टाइप टू म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून तिला शेवटची तारीख घालायची आणि खाली नवी ओळ लिहायची. मोठ्या कंपन्यांत हे मोठ्या सिस्टीम करतात, पण आपल्या एक्सेलमध्येही ते आरामात होतं.

C-104 हा कस्टमर 10 जून 2024 ला वाकडला गेला. मग `Customer` शीट अशी दिसेल:

```
A       B            C       D       E           F
row_id  customer_id  area    pin     valid_from  valid_to
118     C-104        हडपसर   411028  2022-04-01  2024-06-10
342     C-104        वाकड    411057  2024-06-10  9999-12-31
```

यात तीन गोष्टी नीट बघा. एक, `customer_id` दोन्ही ओळींत तोच आहे, कारण माणूस तोच आहे. `row_id` मात्र वेगळा, कारण तो माणसाचा नंबर नाही, त्या पत्त्याच्या काळाचा नंबर आहे. दोन, `valid_to` म्हणजे जुन्या पत्त्याचा शेवटचा दिवस नव्हे, तर तो पत्ता लागू नसलेला पहिला दिवस. म्हणून दोन्ही ओळींत 10 जूनच येते, आणि मध्ये एकही दिवस सुटत नाही. तीन, 9999-12-31 ही एक्सेल घेतं ती सगळ्यात शेवटची तारीख. ज्या ओळीत ती आहे तो चालू पत्ता.

आता `Visits` शीटवर A मध्ये कस्टमरचा नंबर, B मध्ये भेटीची तारीख. त्या दिवशी कुठली ओळ लागू होती हे C मध्ये असं काढा:

```
=SUMIFS(Customer!$A:$A, Customer!$B:$B, A2, Customer!$E:$E, "<="&B2, Customer!$F:$F, ">"&B2)
```

बेरजेचा फॉर्म्युला कशाला, असं वाटेल. एका कस्टमरची एका तारखेला एकच ओळ लागू असते, म्हणून एकाच `row_id` ची "बेरीज" म्हणजे तोच `row_id`. 20 मे 2024 च्या भेटीसमोर 118 येईल, 5 ऑगस्टच्या भेटीसमोर 342. त्या नंबरवरून एरिया आणला की 9 भेटी हडपसरला आणि 2 वाकडला, जशा खरोखर झाल्या तशाच.

पहिल्या अटीत `<=` आहे आणि दुसऱ्यात नुसतं `>`, हे विसरू नका. दुसरीकडेही `>=` लावलंत तर 10 जूनची भेट दोन्ही ओळींत बसेल आणि उत्तर येईल 118 अधिक 342, म्हणजे 460. वाईट हे की 460 नंबरची ओळ भलत्याच कस्टमरची असू शकते. कुठेही एरर दिसणार नाही, गपचूप चुकीचा एरिया येईल. म्हणून शेजारी D मध्ये एक पहारेकरी बसवा:

```
=COUNTIFS(Customer!$B:$B, A2, Customer!$E:$E, "<="&B2, Customer!$F:$F, ">"&B2)
```

इथे प्रत्येक ओळीत 1 आलाच पाहिजे. 2 आला तर कुणाचे तरी दोन पत्ते एकमेकांवर चढलेत. बहुतेक वेळा नवी ओळ टाकताना जुनीची `valid_to` बदलायची राहून गेलेली असते. 0 आला तर मध्ये काही दिवस सुटलेत, नाहीतर `Customer` शीटवरची तारीख तारीख म्हणून न बसता मजकूर म्हणून बसली आहे. अशी तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख आपोआप उजवीकडे जाते.

तारीख कुठली टाकायची?

इथे लोक हमखास चुकतात. कस्टमर 10 जूनला शिफ्ट झाला, पण त्याने ऑफिसला कळवलं 2 जुलैला. `valid_from` मध्ये काय? 10 जून. आपल्याला कधी कळलं हे महत्त्वाचं नाही, माणूस कधी गेला ते महत्त्वाचं. 25 जूनला टेक्निशियन नव्या घरी जाऊन आला असेल तर ती भेट वाकडचीच आहे. वर दिलेला फॉर्म्युला तारखेवरून चालतो, त्यामुळे 2 जुलैला योग्य तारीख टाकली की मागची 25 जूनची भेट आपोआप वाकडला जाते. पण C कॉलम कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट केला असेल तर तिथे 118 च चिकटून राहील. मग मधल्या दिवसांच्या भेटी हाताने दुरुस्त कराव्या लागतील. म्हणून फोनवर फक्त "नवा पत्ता सांगा" म्हणू नका. "कधीपासून तिकडे आहात?" हेही विचारा. अख्ख्या पद्धतीचा जीव या एका प्रश्नात आहे.

प्रत्येक बदलाला नवी ओळ नको

हेही तितक्याच ठामपणे सांगतो. "हडपसर" चुकून "हडसपर" टाइप झालं असेल तर ते सरळ सुधारा, नवी ओळ नको. कस्टमर कधीच "हडसपर"ला राहत नव्हता! जग बदललं असेल तर नवी ओळ, आपली नोंद चुकली असेल तर दुरुस्ती. मोबाइल नंबरसाठीही मी टाइप वनच वापरतो, कारण दोन वर्षांपूर्वीच्या नंबरवर कुठलाही रिपोर्ट उभा नसतो. एकाच वेळी घरी आणि दुकानात मशीन असेल, तर तो पत्त्यातला बदलच नाही. त्याला दोन मशीन म्हणून वेगळे नंबर द्या, नाहीतर पहारेकरी कायम 2 दाखवत राहील.

आणि जुन्या ओळीत फ्लॅट नंबर, मजला वगैरे ठेवायची गरज नाही. रिपोर्टला एरिया आणि पिनकोड पुरतो. लोकांच्या जुन्या घरांचे पूर्ण पत्ते विनाकारण सांभाळत बसू नये.

"पण बिलावर पत्ता असतोच ना, सर?"

असतो, आणि असलाच पाहिजे. बिलावरचा पत्ता बिल बनलं त्या दिवसाचाच राहिला पाहिजे; जुनं बिल परत प्रिंट केलं आणि त्यावर नवा पत्ता आला, तर तुमचं बिलिंग तपासा. पण बिल फक्त त्या दिवसाचं सांगतं. 31 मार्च 2024 ला हडपसरमध्ये आपली किती मशीन होती, ज्यांनी त्या वर्षी काहीच घेतलं नाही ती धरून? हे बिलं सांगू शकत नाहीत. आणि हडपसरमध्ये फिल्टर खरंच जास्त लागतात का हे कळायला तोच आकडा लागतो, कारण भेटींना मशीनच्या संख्येने भागल्याशिवाय तुलना होत नाही.

या पद्धतीची एक किंमत आहे, ती लपवत नाही. शीटवर आता 600 कस्टमरच्या 642 ओळी होतील. कुणी घाईत नुसत्या ओळी मोजल्या तर "कस्टमर वाढले" म्हणून पेढे वाटेल. आजचे कस्टमर मोजताना फक्त 9999-12-31 असलेल्या ओळी मोजायच्या, हे ऑफिसमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

ताईंनी सातही कुटुंबांना फोन करून शिफ्ट झाल्याची तारीख विचारली, सात नव्या ओळी टाकल्या आणि रिपोर्ट पुन्हा काढला. वाकड साध्या एरियासारखं दिसायला लागलं, हडपसर वर आलं, आणि जादा फिल्टर तिकडे रवाना झाले. सात जणांना फोनवर विचारता आलं, कारण बदल ताजे होते. पाच वर्षांपूर्वी पुसलेला पत्ता मात्र कुणाला आठवत नाही. म्हणून जुनं सगळं खणत बसू नका, आज जो पहिला कस्टमर पत्ता बदलेल त्याच्यापासून सुरुवात करा.

शीट बनवताना पहारेकऱ्याने 0 किंवा 2 दाखवलं तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, आपण मिळून बघू.