जजसाहेबाच्या शेजारी कोण बसावं?

साथींनो,

मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, "गावात भांडण झालं तर पाच जण बसून ऐकतात. कोर्टात मात्र एकटा साहेब ठरवतो, असं का?" त्यावर दुसरे म्हणाले, पूर्वी ज्युरी होती, ती परत आणली पाहिजे. मला ते पटत नाही. का, ते मांडतो.

आपल्या देशात खुनासारखे मोठे खटले तीन तऱ्हेने चाललेत. पहिली तऱ्हा ज्युरीची. साधी माणसं पुरावा ऐकून दोषी की निर्दोष ते सांगायची, शिक्षा जज द्यायचा. दुसरी असेसरची. दोन-चार माणसं जजसोबत बसायची आणि शेवटी एकेक जण आपलं मत तोंडी सांगायचा. जज ते लिहून घ्यायचा, पण ते मानायचं बंधन त्याच्यावर नव्हतं. तिसरी आजची, एकटा जज. असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले आणि १९७३ च्या फौजदारी कायद्यात ज्युरीही राहिली नाही. जंगल खात्याच्या केसेस मॅजिस्ट्रेटपुढे चालतात, तिथं ज्युरी तेव्हाही नसायची.

ज्युरीचं बळ हे की सरकारचा पगार खाणाऱ्या एका माणसाच्या हातात सगळं राहत नाही. पण ज्युरीत बसतं कोण? १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. मराठी जाणणारी ज्युरी द्या, ही टिळकांची मागणी होती. बसवले सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांनी भाषांतरावरून ठरवलं. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी, शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. ज्युरीला कारण लिहावं लागत नाही. त्या सात जणांना कुठला शब्द राजद्रोहाचा वाटला, ते आजही कोणी सांगू शकत नाही.

असेसर त्या भागातले असायचे, चालीरीती जाणायचे. पण त्यांची यादी सेशन जज आणि कलेक्टर मिळून करायचे, आणि १८९८ च्या कायद्यात त्या यादीत फक्त पुरुष होते. मत पटलं नाही तर जज सरळ बाजूला ठेवायचा.

मग एकटा जज बरा का? देसाईगंजचं प्रकरण आठवा. १९७२ साली आपल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं. हायकोर्टाने शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती. रात्रीच्या वेळी ठाण्यात पोलिसासमोर गरीब मुलगी ओरडेल का, हे आपल्यातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. त्या खुर्च्यांवर हे माहीत असणारं कोणी नव्हतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती कारणं निकालपत्रात लिहिलेली होती. म्हणून १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांना उघडं पत्र लिहून ती खोडता आली, बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या बाईने 'माझी संमती नव्हती' म्हटलं, तर कोर्टाने ते धरून चालायचं असं ठरलं. ज्युरीने नुसतं 'निर्दोष' म्हटलं असतं तर आपण काय खोडलं असतं?

म्हणून माझं मत असं. लिहिलेलं कारण सोडायचं नाही, म्हणजे निकाल जजनेच द्यावा. पण आदिवासी भागातल्या सेशन खटल्यात त्याच्यासोबत तीन-चार असेसर बसवावेत. नावं कलेक्टरने निवडू नयेत, मतदार यादीतून चिठ्ठी टाकून काढावीत. निम्म्या बाया असाव्यात आणि आरोपीची भाषा सगळ्यांना यावी. त्यांचं मत निकालपत्रात लिहावं, आणि जजला ते मान्य नसेल तर का नाही, हेही त्याने लिहावं. म्हणजे अपिलात ते वाचलं जाईल.

यात धोका आहे, तो लपवत नाही. डाकीण ठरवून बाईला मारल्याचा खटला असेल तर गाव मारणाऱ्याच्या बाजूने असू शकतं. जमिनीच्या वादातून खून झाला असेल तर असेसर कोणाचा तरी भाऊबंद निघेल. म्हणून असेसर लांबच्या गावचे हवेत आणि त्यांच्यावर हरकत घ्यायचा हक्क दोन्ही बाजूंना हवा. एवढं करूनही ज्या गोष्टीवर सगळ्या भागाचाच चुकीचा विश्वास आहे, तिथं असेसर चुकतील. तिथं कायदा धरून उभा राहणारा जजच लागेल.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या बैठकीत बोलावं. विशेष करून बायांनी.

जिंदाबाद!