रोजकीर्द झाली, खतावणी कुठे आहे?

गांधीबाग, इतवारी, मोमिनपुरा किंवा कामठी, कुठल्याही बाजारातील व्यापारी संघटनेचे सभा-रजिस्टर उघडून पाहा. उर्दूत ज्याला आम्ही रूदाद म्हणतो आणि मराठीत इतिवृत्त, ते पानेच्या पाने भरलेले असते. अमुक म्हणाले, त्यावर तमुक म्हणाले, मग चहा झाला, मग पुन्हा अमुक म्हणाले. अक्षर सुंदर, मेहनत भरपूर. पण शेवटी ठरले काय, हे विचारले तर चिटणीसही पाने चाळत बसतात.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट आपल्या धंद्याच्या भाषेत लवकर समजेल. दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे रोजकीर्दीत लिहिले जातात. पण कोणाकडे किती येणे आहे, हे रोजकीर्द वाचून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत चढवावी लागते. आमच्या संघटना सभेची रोजकीर्द लिहितात आणि खतावणी करतच नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा फटका कोणाला बसतो, ते सांगतो. शहरातील एका बाजाराच्या संघटनेत 40 दुकाने आहेत. तेथील एका सभेच्या इतिवृत्तात पुढील मजकूर होता :

‘एक सभासद म्हणाले की गल्लीत रात्री अंधार असतो, मागच्या महिन्यात एक गाठोडे गेले. दुसरे म्हणाले, चौकीदार ठेवावा. खजिनदार म्हणाले, पैसे कुठून आणायचे? तिसरे म्हणाले, दुकानामागे 300 रुपये काढले तर महिन्याचे 12,000 होतात. एक सभासद म्हणाले, माझे दुकान रस्त्यावर आहे, मी का द्यावे? अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, पाहून घ्या. चिटणीस म्हणाले, ईदच्या आधी झाले पाहिजे. यावर सर्वांनी संमती दर्शविली.’

कोणीतरी एका गरजू माणसाला कामावर यायला सांगितले. तो दोन महिने रात्रभर जागला. पगार मागितला तेव्हा निम्म्या दुकानदारांनी विचारले, ठराव कुठे आहे? रजिस्टर उघडले. ‘सर्वांनी संमती दर्शविली’ हे वाक्य होते. पण संमती कशाला? चौकीदाराला, 300 रुपयांना, की ईदच्या आधी व्हावे याला? आणि ‘पाहून घ्या’ हे कोणाला सांगितले? दोन महिन्यांचे 24,000 रुपये त्या माणसाला पूर्ण मिळाले नाहीत. रजिस्टरमध्ये सर्वांचे बोलणे होते. फक्त त्याच्या मजुरीचा आधार नव्हता.

आता याच मजकुराची खतावणी कशी करायची, ते पाहू. सभा संपल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कच्चा कागद घेऊन बसावे. लाल पेन्सिलीने प्रत्येक वाक्यासमोर खूण करावी : निर्णय, काम, माहिती किंवा नुसते बोलणे. वरच्या मजकुरात गाठोडे गेल्याची बाब माहिती आहे. ‘पैसे कुठून आणायचे’ हे बोलणे आहे. ‘300 रुपये काढले तर’ ही सूचना आहे, निर्णय नाही. खरा निर्णय शेवटच्या वाक्यात दडला आहे आणि तो अर्धवट आहे.

येथेच लिहिणाऱ्याची कसोटी लागते. अर्धवट वाक्य आपल्या मनाने पूर्ण करायचा मोह होतो. तसे करू नये. चिटणिसाने अध्यक्षांकडे जाऊन विचारावे की आपण नेमके काय मंजूर केले? स्पष्ट उत्तर मिळाले तर ते लिहून पुढच्या सभेपुढे ठेवावे. उत्तर मिळाले नाही तर ‘निर्णय झाला नाही, विषय पुढील सभेत’ असे लिहावे. हेही उपयोगी वाक्य आहे, कारण मग कोणी कोणाला कामावर बोलावणार नाही. त्या बाजारात हे वेळेवर विचारले गेले असते, तर दोन पानांच्या जागी एवढेच उरले असते :

निर्णय : रात्रीसाठी एक चौकीदार ठेवावा. पगार महिना 12,000 रुपयांपर्यंत. वर्गणी प्रत्येक दुकानामागे 300 रुपये.
विरोध : रस्त्यावरील एका दुकानदाराचा.
काम 1 : चिटणीस, 5 तारखेपर्यंत दोन माणसे अध्यक्षांना दाखवतील.
काम 2 : खजिनदार, 10 तारखेपर्यंत पहिल्या महिन्याची वर्गणी जमा करतील. त्यानंतरच माणूस कामावर येईल.
निर्णय बाकी : वर्गणी न देणाऱ्या दुकानाचे काय करायचे.

प्रत्येक कामासमोर एकच माणूस आहे. ‘समिती पाहील’ असे लिहिले की कोणीच पाहत नाही. तारीख आहे, ‘लवकरात लवकर’ नाही. विरोध करणाऱ्याचा वाद गाळला, पण विरोध गाळला नाही. लहान करण्याच्या नादात रक्कम, मुदत, अट आणि विरोध या चार गोष्टी कापल्या तर इतिवृत्त लहान नव्हे, खोटे होते.

काही बुजुर्ग म्हणतील, शब्दन् शब्द लिहिला नाही तर उद्या कोणी मुकरेल. ही भीती रास्त आहे. पण तिचा इलाज वेगळा आहे. सभा उठण्यापूर्वी निर्णय मोठ्याने वाचून दाखवावेत. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होऊन सही होईपर्यंत कच्चा कागद फाडू नये. दुरुस्ती करायची तर खाडाखोड न करता एक रेघ मारून बाजूला सही घ्यावी. कायदाही शब्दन् शब्द मागत नाही. कंपन्यांसाठीच्या 2013च्या कायद्यातील कलम 118 सभेचा योग्य आणि खरा सारांश मागते. आमच्या संघटना कंपन्या नसल्या तरी हे माप आम्हालाही लागू पडते.

निर्णय तपासता येईल असा लिहिला तर काय होते, हे आमच्या नागपूरनेच पाहिले आहे. 28 सप्टेंबर 1953च्या नागपूर करारात वाटाघाटी कितीही लांबल्या असतील, कागदावर 11 कलमे आली. दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होईल, हे त्यातील एक. ते झाले की नाही, हे पानठेल्यावर बसलेला माणूसही सांगू शकतो. 2020 आणि 2021 मध्ये ते येथे झाले नाही, तेव्हा साऱ्या शहराला कळले. त्याच करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचेही कलम होते. पण ते पाळले गेले की नाही, हे तपासणे तसे सोपे नव्हते. अनुशेष मोजण्यासाठी 1983 मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली आणि अनुशेषाचा वाद त्यानंतरही चालला.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. सभा-रजिस्टरच्या डाव्या पानावर निर्णय लिहा. उजव्या पानावर चार रकाने आखा : काम, कोण, कधीपर्यंत, झाले की बाकी. पुढच्या सभेत पहिला विषय उजवे पान असावा. जे झाले त्यावर रेघ मारा. जे राहिले ते मागची बाकी ओढतो तसे नव्या पानावर, नव्या तारखेसह, ओढा. एकाच माणसाच्या नावावर तेच काम तीन सभा ओढले गेले, तर समजावे की ते काम त्याचे नाही किंवा तो निर्णयच कोणाला नको होता. मग ते दुसऱ्याच्या नावे चढवा किंवा ठराव करून रद्द करा. पण बुडीत खाते तसेच पुढे चालवू नका.