विश्लेषण : फोनचा स्क्रीन मोठा झाला, तरी मराठी अक्षरे बारीकच का दिसतात?

दिवाळी अंकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते, शासन निर्णय फोनवरच उघडला जातो, पाठ्यपुस्तकाचा धडाही मोबाइलवर वाचला जातो. हे सोयीने वाचता यावे म्हणून अनेक जण मोठ्या स्क्रीनचा फोन घेतात. पण नव्या फोनवरही अक्षरे जवळपास तेवढीच दिसतात आणि दोन बोटांनी पान ताणत वाचायची कसरत चालूच राहते. असे का होते? देवनागरी वाचनासाठी फोन निवडताना नेमके काय पाहावे?

इंच वाढले, पण कुठे वाढले?

जाहिरातीत दिलेला ५.५ किंवा ६.५ इंच हा आकडा स्क्रीनच्या रुंदीचा नसतो. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेचा असतो. काही वर्षांपूर्वीचे फोन १६:९ प्रमाणाचे होते, आताचे बरेचसे २०:९ प्रमाणाचे, म्हणजे जास्त उभट आहेत.

हिशेब केला तर गंमत कळते. जुन्या ५.५ इंची फोनच्या स्क्रीनची रुंदी साधारण ६.८५ सेंटिमीटर होती. नव्या ६.५ इंची फोनची रुंदी भरते सुमारे ६.७७ सेंटिमीटर. म्हणजे स्क्रीन एक इंचाने ‘मोठा’ झाला आणि रुंदीला किंचित कमीच झाला! ६.७ इंची फोन घेतला तरी रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटरपर्यंत जाते. वाढ झाली ती उंचीत, १२ सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरपर्यंत.

व्हिडिओ आडवा धरून पाहणाऱ्याला ही वाढ उपयोगी पडते. पण वाचताना ओळ रुंदीत बसवावी लागते. उंची वाढली की एका वेळी चार ओळी जास्त दिसतात, अक्षर मात्र मोठे होत नाही.

देवनागरीला रुंदी जास्त का लागते?

इंग्रजी अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. देवनागरीत मात्र एकाच अक्षरावर वर आणि खाली मजले चढतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा अर्धा भाग. एवढे सगळे ठरलेल्या चौकटीत बसवायचे, म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्याला मूळ अक्षराचा देह आखूड ठेवावा लागतो. त्यामुळे एकाच मापात इंग्रजी मजकूर नीट वाचता येतो आणि मराठी बारीक वाटतो. उपाय म्हणजे मराठीसाठी अक्षराचे माप वाढवणे आणि दोन ओळींतले अंतर मापाच्या सुमारे दीडपट ठेवणे. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो.

पण माप वाढवले की ओळीत शब्द कमी मावतात. त्यात मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा मराठीत एकच शब्द झाला. तो ओळीच्या शेवटी मावला नाही, तर अख्खा खालच्या ओळीत जातो. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत बसवलेला असेल, तर उरलेली जागा शब्दांमध्ये वाटली जाते आणि ओळीत मोठी भोके पडतात. म्हणून वाचनाच्या अ‍ॅपमध्ये मजकूर फक्त डावीकडून सरळ ठेवावा. उजवी कडा वेडीवाकडी दिसते, पण डोळा अडखळत नाही.

मग रिझोल्युशनचे काय?

रिझोल्युशन वाढले की अक्षर मोठे होते किंवा लहान होते, असा समज आहे. फोनमध्ये तसे होत नाही. अक्षराचा आकार सेटिंग ठरवते. रिझोल्युशन फक्त ते अक्षर किती ठिपक्यांनी रेखाटायचे, एवढेच ठरवते.

६.५ इंची स्क्रीन ‘एचडी प्लस’ असेल, म्हणजे ७२० बाय १६०० ठिपक्यांचा असेल, तर एका इंचात सुमारे २७० ठिपके येतात. त्याच आकाराचा ‘फुल एचडी प्लस’ स्क्रीन, म्हणजे १०८० बाय २४००, असेल तर सुमारे ४०५. नेहमीच्या मापाच्या अक्षराची चौकट पहिल्या फोनवर साधारण ३२ ठिपके उंच असते, दुसऱ्यावर ४२ ते ४८. अनुस्वाराच्या वाट्याला पहिल्या फोनवर जेमतेम तीन-चार ठिपके येतात. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरकही मोजक्या ठिपक्यांवर दाखवावा लागतो.

पण हे ठिपके डोळ्याला वेगळे दिसतात का, हे अंतरावर ठरते. सामान्य नजरेला ३० सेंटिमीटरवरून एका इंचात साधारण २९० ठिपक्यांपर्यंतचा फरक कळतो, ४५ सेंटिमीटरवरून मात्र १९५ पर्यंतचाच. तीक्ष्ण नजर असलेल्याला याहून थोडे अधिक दिसेल. म्हणजे फोन जवळ धरून बारीक अक्षरे वाचणाऱ्या तरुणाला एचडी प्लसवर कडा किंचित खरखरीत वाटू शकतात. त्याने फुल एचडी प्लस घेतलेला बरा. इंचाला ४०० ठिपके झाले, की त्यापुढच्या आकड्यासाठी मोजलेले पैसे वाचनात दिसत नाहीत.

चाळिशी लागलेल्या वाचकाचे गणित उलटे आहे. तो फोन लांब धरतो. ३० ऐवजी ४५ सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवरचे अक्षर डोळ्याला दोन तृतीयांशच दिसते. त्याला माप दीडपट करावे लागते, म्हणजेच रुंदी हवी. जास्त ठिपके त्या अंतरावरून त्याला दिसणारच नाहीत. घरातल्या ज्येष्ठांसाठी ‘जास्त रिझोल्युशनचा’ महागडा फोन घेताना नेमके हेच विसरले जाते.

पीडीएफ वाचताना काय होते?

समजा, आईला दिवाळी अंक आणि पुस्तके वाचता यावीत म्हणून ६.७ इंची फोन घेतला. पुस्तक नेहमीच्या डेमी आकाराचे आहे, पानाची रुंदी १४ सेंटिमीटर आणि छपाई १४ पॉइंटात. पीडीएफमध्ये पान जसेच्या तसे गोठवलेले असते. १४ सेंटिमीटरचे पान ७ सेंटिमीटरच्या स्क्रीनवर बसवले, की सगळे निम्मे होते. १४ पॉइंटाचे अक्षर ७ पॉइंटाचे होते. ए-४ आकाराच्या शासन निर्णयाची अवस्था आणखी वाईट. तिथे २१ सेंटिमीटरचे पान ७ मध्ये येते, म्हणून १२ पॉइंटाचे अक्षर ४ पॉइंटावर उतरते. फोनचे रिझोल्युशन कितीही असले, तरी हे गणित बदलत नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. पीडीएफ वाचण्याच्या अनेक अ‍ॅपमध्ये पानाचा समास कापायची सोय असते. १४ सेंटिमीटरच्या पानात दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर कोरी जागा असेल, तर मजकूर फक्त १० सेंटिमीटर रुंद उरतो. तेवढाच दाखवला, तर ७ पॉइंटाचे अक्षर जवळपास १० पॉइंटाचे होते. फोन आडवा धरला तर रुंदी साडेपंधरा सेंटिमीटर मिळते आणि अक्षर छापील पुस्तकाएवढे किंवा त्याहून मोठे दिसते. मात्र पानाचा एक तुकडाच समोर येतो आणि सतत सरकवावे लागते. दोन रकान्यांत छापलेल्या मासिकासाठी हे फारच त्रासाचे ठरते.

खरा उपाय ईपब किंवा किंडलसारख्या स्वरूपातले पुस्तक. त्यात मजकूर मोकळा असतो, अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. काही अ‍ॅप पीडीएफमधला मजकूरही असा मोकळा करून दाखवतात, पण जुन्या मराठी पुस्तकांत ते अनेकदा फसते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईसाठी वेगळ्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जात. पानावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच चिन्ह असते. हे ओळखायला पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाहावी. अगम्य चिन्हे उमटली, तर तो मजकूर मोकळा होणार नाही. ओळ निवडताच आली नाही, तर ते बहुतेक पानाचे छायाचित्र असते. आणखी एक खूण म्हणजे पान खूप मोठे करून पाहणे. अक्षरांच्या कडा धुरकट झाल्या, तर दोष स्कॅनिंगचा आहे, स्क्रीनचा नाही.

दुकानात काय तपासावे?

आधी मोजपट्टीने स्क्रीनची रुंदी मोजावी. जुन्या फोनपेक्षा ती दोन-तीन मिलिमीटरनेच जास्त असेल, तर वाचनात फरक पडणार नाही. मग फोनवर ही ओळ टाइप करावी : घर धर, भार मार, बात वात, सिद्धी, द्वंद्व, उद्ध्वस्त, राष्ट्र, तऱ्हा. ज्याला फोन वापरायचा आहे त्याने तो रोजच्या अंतरावर धरून, रोजचाच चष्मा लावून वाचावे. शेजारी एखादे छापील मराठी पुस्तक ठेवून फोनवरचा ‘क’ पुस्तकातल्या ‘क’एवढा होईपर्यंत माप वाढवावे. त्या मापाला ओळीत चारपेक्षा कमी शब्द मावत असतील, तर वाचनाची लय तुटते.

आणि वाचायचे ते बहुतांश पीडीएफच असेल, तर कोणताही साधा फोन पुरणार नाही. ६ इंची ई-रीडर फोनपेक्षा ‘लहान’ वाटतो, पण ४:३ प्रमाणामुळे त्याची रुंदी ९ सेंटिमीटरच्या पुढे असते. ८.७ इंची टॅबची रुंदी ११ सेंटिमीटरहून जास्त भरते. त्यावर समास न कापताही १४ पॉइंटाचे अक्षर ११ पॉइंटाच्या आसपास दिसते. अशा टॅबमध्ये इंचाला १८०च्या आसपासच ठिपके असू शकतात, म्हणजे कागदावर तो साध्या फोनपेक्षाही कमी दर्जाचा. तरीही ४५ सेंटिमीटरवरून वाचणाऱ्या आईला दिवाळी अंक त्याच्यावरच जास्त सोयीने वाचता येईल.