चूक कबूल, पण मागणी काय?

या आठवड्यात भांड्यांच्या एका व्यापाऱ्याचे पत्र पाहिले आणि डोके फिरले. जीएसटी अधिकाऱ्याला लिहिलेले, चांगले दीड पान. पहिला परिच्छेद दिलगिरीचा, दुसरा वडिलांपासून चालत आलेल्या सचोटीचा, आणि शेवटी आपले लाडके ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. कोणता अर्ज मागे घ्यायचा आणि कोणत्या उत्तरावर निर्णय हवा, हे मात्र कुठेच नाही. अधिकाऱ्यापुढे आधी रडून घ्यायची ही सवय किती फायली बुडवते, यावर इथे बरेच बोलून झाले आहे. परिणाम दिसतोच आहे.

प्रकरण असे. सलग सहा महिन्यांची विवरणपत्रे न भरल्याने नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली. उत्तराला सात कामकाजाचे दिवस. गडी घाबरला, पण वागला बरोबर. थकीत विवरणपत्रे भरली, कर, व्याज आणि विलंब शुल्क चुकते केले, मुदतीत आरईजी-१८ मध्ये उत्तरही दिले. एवढे झाले की कार्यवाही थांबवल्याचा आदेश, म्हणजे आरईजी-२०, द्यावा असे नियम २२ सांगतो.

मग अकाउंटंटकडच्या पोराला आठवले की एक गोदाम बंद झाले आहे, ते नोंदीतून काढायचे राहिले. त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज असतो, आरईजी-१४. पोराने भरला आरईजी-१६, म्हणजे आख्खी नोंदणीच रद्द करण्याचा अर्ज. कारण: व्यवसाय बंद. शिल्लक माल: शून्य. ओटीपी अर्थातच पोराच्याच फोनवर. (दुकान आपले, फोन दुसऱ्याचा, या पद्धतीने महाराष्ट्रातला निम्मा व्यापार चालत असावा. आकडा माझ्याकडे नाही, खात्री आहे.) पोर्टलने तत्परतेने पोचक्रमांक दिला.

आता अधिकाऱ्याच्या टेबलावर एकाच माणसाचे दोन कागद. एक म्हणतो रद्द करू नका, दुसरा म्हणतो करा. व्यापाऱ्याला वाटते, फार तर काय होईल, नोंदणी रद्द होईल आणि पुन्हा चालू करून घेऊ. इथेच तो फसतो.

अधिकाऱ्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली, तर कलम ३० खाली ती पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो. त्याला आदेश मिळाल्यापासून ९० दिवस मिळतात, पुढे वाढही मिळू शकते. म्हणजे नोटिशीला उत्तर न देता जो झोपून राहिला, त्याच्यासाठीही कायद्याने एक दार ठेवले आहे. पण स्वतःच्या अर्जावरून रद्द झालेल्याला ते दार नाही, कारण कलम ३० अधिकाऱ्याने आपणहून केलेल्या रद्दीकरणापुरतेच आहे. त्याच्यापुढे उरते तीन महिन्यांच्या मुदतीतले अपील, नाहीतर नवी नोंदणी आणि नवा क्रमांक. शिवाय रद्द होताना शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते, आणि या दुकानात तर फळ्या मोडतील इतकी पातेली. सहा महिने झोपलेला आळशी वाचतो, कर भरून उत्तर देणारा शहाणा एका क्लिकने बुडतो.

म्हणून आदेश निघण्याआधी हालचाल हवी. पोर्टलवर अर्ज मागे घेण्याची सोय दिसत असेल तर ती आधी वापरावी. त्यासोबत पत्र द्यावेच, कारण पोर्टलला मागचे उत्तर आठवत नाही. पत्राच्या विषयातच नोटिशीचा क्रमांक, आरईजी-१८ ची तारीख आणि पोचक्रमांक, चुकीच्या आरईजी-१६ चा पोचक्रमांक. मग मजकूर असा:

‘आरईजी-१६ हा अर्ज गोदामाची नोंद वगळण्याऐवजी चुकून दाखल झाला आहे. त्यातील व्यवसाय बंद व शिल्लक माल शून्य ही माहिती वस्तुस्थितीस धरून नाही. व्यवसाय चालू आहे. सदर अर्ज मागे घेतला असे समजावे, त्यावर रद्दीकरणाचा आदेश काढू नये आणि नोटिशीचा निर्णय मूळ उत्तरावरच करून आरईजी-२० द्यावा.’

सोबत चालू वीजबिल, भाडेकरार, साठ्याची यादी, अलीकडची खरेदी बिले. शून्य मालाचे वाक्य पत्रात मुद्दाम घ्यायचे, कारण अधिकाऱ्याची शंका तिथेच अडकणार: नोटीस आल्यावर दुकान गुंडाळू पाहणारा आता मन का बदलतो? नवे उत्तर मात्र जोडू नये. या व्यापाऱ्याने पत्रात विलंबाची वेगळीच कारणे घातली होती, म्हणजे आता तिसरा कागद तयार.

आणि एक. आरईजी-१६ दाखल होताच नोंदणी निलंबित धरली जाते, अर्जात रद्दीकरणाची पुढची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून. निलंबनात कर लावून बिल फाडता येत नाही. हे गृहस्थ त्या दिवसापासून रोज फाडत होते. मी पत्र कोरडे लिहून दिले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला: ‘साहेब, यात माफी कुठे घालू?’

— दप्तरदार