चूक फॉर्मची, शिक्षा भरणाऱ्याला

मानेवाडा रिंग रोडच्या मागे राहणाऱ्या माणसाचा पत्ता साधारण असा असतो: प्लॉट नं. 17/ब, अमुक ले-आऊट, हनुमान मंदिराजवळ, नागपूर 440 024. नागपूरच्या वस्त्या ले-आऊट पडत वाढल्या. इथे घराची ओळख प्लॉटवरून होते, गल्लीला बहुतेक वेळा नावच नसतं. हा खरा पत्ता आहे, यावर टपाल पोचतं. ऑनलाइन अर्जात मात्र तो टिकत नाही.

मी फॉर्म बनवण्याचंच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: तो टिकत नाही, कारण बनवणाऱ्याने आळस केलेला असतो.

पिनकोडचा रकाना घ्या. अर्ज भरणारी एक मुलगी वीजबिलावर पाहून 440 024 लिहिते, मधली मोकळी जागा धरून. रकान्यावर `maxlength="6"` लावलेलं असतं. मोकळी जागाही एक अक्षर म्हणून मोजली जाते, शेवटचा 4 उमटतच नाही आणि रकान्यात 440 02 उरतं. शेवटी बटण दाबल्यावर पानाच्या माथ्यावर लाल ओळ येते: ‘अवैध माहिती’. कुठली माहिती, कुठल्या रकान्यात, काय बदलायचं, एक शब्द नाही. ती मोबाइलवर वरखाली सरकवत बसते आणि अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या पोराला म्हणते, ‘भाऊ, फॉर्म जाऊनच नाही राहिला.’ आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटतं. तिचं काहीही चुकलेलं नाही.

दुसरी मुलगी मराठी कीबोर्डवरून ४४००२४ लिहिते. तपासणीच्या सूत्रातला `\d` जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो, म्हणून मराठी फॉर्म मराठी अंक नाकारतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. इलाज एवढाच:

```
pin = pin
  .replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x0966)
  .replace(/\s/g, "");
```

आधी अंक बदला, मोकळ्या जागा काढा, मग सहा अंक मोजा. लांबीची मर्यादा रकान्यावरून काढून या तपासणीत ठेवा. तरीही कमी भरले, तर रकान्याला लागून लिहा: ‘पिनकोडमध्ये 5 अंक आहेत, 6 हवेत. उदा. 440024’. पहिला अंक टाकताच लाल होऊ नका. माणूस रकान्यातून बाहेर पडू दे, मग बोला.

15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. त्यामागे टपाल खात्यातले आपले मराठी अधिकारी, संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर होते. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते असले तरी पत्र पोचावं, हा हेतू होता. पत्त्यातली गफलत सांभाळून घेणाऱ्या त्या सहा आकड्यांवरच आज मुलींचे अर्ज अडतात, याचा मला संताप येतो.

पुढचा अडथळा 17/ब मधली तिरकी रेघ. ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत.’ का चालणार नाहीत? डेटाबेसची सुरक्षा हे कारण पुढे केलं जातं, पण ती जबाबदारी सर्व्हरवर प्रश्न आणि माहिती वेगवेगळी पाठवून पार पाडायची असते. पत्त्यातली रेघ खोडायला लावणं हा त्याचा मार्ग नव्हे. मुलगी रेघ काढून 17ब लिहिते, ते आधारवरच्या पत्त्याशी जुळत नाही आणि पडताळणीत अर्ज परत येतो. फॉर्मनेच तिला खोटा पत्ता लिहायला लावलेला असतो.

यंत्राने स्वतः काय दुरुस्त करावं, यालाही हद्द आहे. आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे कुणी इंग्रजी ओ टाकला तर मुकाट्याने शून्य करा. नावाच्या स्पेलिंगला आणि प्लॉट नंबरला हात लावू नका, फक्त विचारा. पिनवरून टपाल कार्यालय आपोआप भरतानाही तेच. एका पिनखाली अनेक कार्यालयं असतात, त्यातलं पहिलं चिकटवून देऊ नका. यादी दाखवा, माणूस निवडेल.

सगळ्यात संतापजनक म्हणजे चूक सापडली की भरलेलं पुसून टाकणं. पान पुन्हा उघडल्यावर निवडलेली फाइल ब्राउझर परत भरून देत नाही, हे प्रत्येक प्रोग्रामरला ठाऊक आहे. म्हणून अर्जासोबतची गुणपत्रिका निवडताक्षणीच सर्व्हरवर चढवून मसुद्यात ठेवायची असते. ती ठेवत नाहीत, आणि पिनच्या एका अंकापायी मुलगी पुन्हा सगळं स्कॅन करते. पानाच्या माथ्यावर चुकांची यादी द्या, प्रत्येक ओळ दाबली की थेट त्या रकान्यात नेणारी. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती आधी ऐकू गेली पाहिजे.

फॉर्मचं बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याआधी एक अहवाल मागावा: कुठल्या रकान्यावर कुठला संदेश किती वेळा दिसला, आणि तोच संदेश एकाच माणसाला लागोपाठ कितीदा दिसला. भरलेली माहिती साठवायची नाही, फक्त मोजायचं. जिथे माणसं तोच संदेश पुन्हा पुन्हा बघतात, तिथला संदेश निकामी आहे. तो बदलेपर्यंत बिल थांबवावं आणि अर्जाची मुदत वाढवावी.