सोलर पॅनलवर 40 टक्के आयातशुल्क: ज्याला जपलं तो ‘शिशू उद्योग’ खरंच मोठा झालाय का?

छतावर सोलर बसवायचं म्हणून कोटेशन घेतलं की दोन भाव ऐकायला मिळतात. सेलसकट पूर्ण भारतीय पॅनल महाग, आणि बाहेरचे सेल लावून इथे जोडलेलं पॅनल स्वस्त. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं 78 हजारांपर्यंतचं अनुदान हवं असेल, तर महागडंच घ्यावं लागतं.

असं का? तर एक नवा उद्योग वाढावा म्हणून.

कल्पना जुनी आहे. नवा कारखाना सुरुवातीला महागच पडतो. कामगार शिकत असतात, माल वाया जातो, सुटे भाग पुरवणारे जवळपास नसतात. समोर वीस वर्षं मुरलेला परदेशी स्पर्धक असेल, तर शिकायच्या आतच टाळं लागतं. म्हणून काही वर्षं परदेशी मालावर शुल्क लावायचं, उद्योग पायावर उभा राहिला की काढून घ्यायचं. अमेरिकेत हॅमिल्टननं 1791 मध्ये आणि जर्मनीत फ्रेडरिक लिस्टनं 1841 मध्ये हे मांडलं. लिस्टचा आधार घेत न्यायमूर्ती रानड्यांनीही 1892 मध्ये पुण्यात भारतासाठी असाच युक्तिवाद केला होता.

भारतानं 2018 मध्ये सोलर सेल आणि पॅनलवर 25 टक्के सुरक्षा शुल्क लावलं. ते टप्प्याटप्प्यानं कमी होत 2021 मध्ये संपलं. मग 1 एप्रिल 2022 पासून पॅनलवर 40 आणि सेलवर 25 टक्के आयातशुल्क आलं. शिवाय सरकारी योजना आणि प्रकल्पांसाठी मान्यताप्राप्त पॅनलची यादी आहेच, ज्यात चिनी कंपन्यांना जागा मिळालेली नाही.

खरी गंमत 40 आणि 25 च्या फरकात

पॅनल तयार होतं ते चार पायऱ्यांत. आधी पॉलिसिलिकॉन, त्याच्या पातळ चकत्या म्हणजे वेफर, वेफरपासून सेल, आणि शेवटी सेल जोडून, काच-फ्रेम लावून पॅनल. शेवटची पायरी सगळ्यात सोपी. मशीन आणली की वर्षभरात सुरू करता येते. सेल बनवणं मात्र वेगळ्याच पातळीचं काम आहे. भांडवलही बरंच जास्त लागतं.

आता 2022 च्या दरांवर एक सोपा हिशोब करू. समजा चिनी पॅनल 100 रुपयांचं आहे आणि त्यात 60 रुपयांचे सेल आहेत. म्हणजे जोडणीचं काम तिथे 40 रुपयांत होतं. भारतात ते पॅनल शुल्कासकट 140 ला पडतं. इथला कारखानदार सेल मागवतो, ते त्याला 75 ला पडतात. 140 मधून 75 गेले, उरले 65. म्हणजे जे काम चीन 40 मध्ये करतो, त्यावर इथे 65 रुपये खर्च केले तरी धंदा टिकतो. कागदावर संरक्षण 40 टक्के, पण जोडणीच्या कामाला प्रत्यक्षात 60 टक्क्यांहून जास्त. सेल बनवणाऱ्याला मात्र फक्त 25.

सोप्या कामाला जाड पांघरूण आणि अवघड कामाला पातळ. मग पैसा कुठे जाणार?

तिथेच गेला. ऑगस्ट 2025 मध्ये मान्यताप्राप्त पॅनल उत्पादन क्षमता 100 गिगावॅटच्या वर गेली. सेलची क्षमता तेव्हा जेमतेम त्याच्या पाव हिश्श्याएवढी होती. वेफर नाममात्र, आणि पॉलिसिलिकॉन बाहेरूनच. आकडा मोठा दिसतो, पण ज्या पायरीवर खरं शिकायचं होतं, तिथे वर्ग उशिरा भरला.

सरकारलाही हे दिसलं असावं. कारण 1 जून 2026 ही तारीख ठरवून सेलचीही तशीच मान्यताप्राप्त यादी लागू करायचा निर्णय झाला. दिशा बरोबर आहे, पण पॅनलवाल्यांची आता मोठी लॉबी आहे आणि महाग सेल त्यांना नको आहेत. शिशू उद्योगाचं हे नेहमीचं दुखणं. संरक्षण द्यायला सगळे तयार असतात, काढायची वेळ आली की विरोधाला संघटित लोक उभे असतात. जादा पैसे भरणारे वीजग्राहक मात्र विखुरलेले असतात.

‘पण आपली पॅनल्स अमेरिकेत विकली जातात की!’ असं म्हटलं जातं. विकली जातात, हे खरं. पण अमेरिकेनं 2012 पासून चिनी पॅनलवर जबर शुल्क लावलंय, त्यामुळे तिथला भावही चढा असतो. तिथे माल खपला म्हणजे चीनशी बरोबरी झाली, असं होत नाही.

मग ओळखायचं कसं? भारतीय सेल आणि आयात सेल यांच्या भावातली तफावत दरवर्षी कमी होतेय का, ते बघायचं. ती घटत असेल तर उद्योग शिकतोय. ती तशीच राहिली आणि शुल्काची मुदत मात्र वाढत गेली, तर ग्राहक शिकवणीची फी भरतोय आणि विद्यार्थी वर्गातच नाही.

सध्याच्या शुल्कात एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नाही, ती म्हणजे ते संपायची तारीख. 2018 च्या सुरक्षा शुल्काला ती होती.